उंची कमी आणि कुर्ती लांब: काटछाट वरून सुरू करा

दुकानात 'एस साइज द्या' म्हटलं की छातीला आणि कमरेला लहान कपडा मिळतो, लांबीला नाही. एस, एम, एल ही सगळी रुंदीची मापं. बहुतेक तयार कुर्त्यांची लांबी सगळ्या साइजना जवळपास तेवढीच असते, ४४ ते ४६ इंच. साडेपाच फुटांच्या मुलीला ४६ इंची कुर्ती पोटरीच्या खाली, जमिनीपासून दहाएक इंचांवर थांबते. चार फूट अकराच्या बाईला तीच कुर्ती घोट्याशी येते. खाली १३-१४ इंच रुंद पायांचा पलाझो असला की वरून खालपर्यंत नुसतं कापड, आत माणूस कुठे आहे ते शोधावं लागतं.

माझी उंची चार फूट अकरा. बेळगावच्या गणपत गल्लीत आणि खडेबाजारात कपडे घेऊन गल्लीतल्या टेलरकडे नेणं हे माझं नेहमीचंच, त्यामुळे हा लेख त्याच वाटेने जाणार आहे. 'बुटक्या बायकांनी लांब कुर्ती घालूच नये' असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. लांब कुर्ती घालता येते, पलाझोही घालता येतो. अडचण अशी की तयार कपडा फक्त खालून लांब नसतो. त्याचा खांदा ते कंबर हा भागही लांब असतो, पलाझोचं आसन, म्हणजे कमरेपासून दोन पाय वेगळे होतात तिथपर्यंतचा भागही लांब असतो आणि बाजूचा कटही खाली सुरू होतो. आपण मात्र टेलरला 'खालून तीन इंच कमी करा' एवढंच सांगतो. लांबी कमी होते, पण कंबर, कट आणि आसन खालीच लोंबत राहतं आणि आरशात काही बदललेलं दिसत नाही.

लागणाऱ्या वस्तू: मापाची टेप, दहा-बारा सेफ्टी पिना, खडू, उभा आरसा आणि त्या कपड्यावर घालायची चप्पल. चप्पल शेवटी लिहिली म्हणून विसरू नका. अथणी-निपाणीकडची सपाट कोल्हापुरी घालणारी बाई आणि दीड इंची टाच घालणारी बाई, दोघींच्या पलाझोची लांबी एक इंचाने वेगळी निघते.

१. घरीच सहा मापं घ्या

कुणाला तरी मदतीला घ्या, एकटीने वाकून टेप बघितली की माप चुकतं. टेपचं टोक मानेच्या बाजूला, जिथे खांद्याची शिवण गळ्याला मिळते तिथे धरायचं आणि टेप छातीवरून सरळ खाली सोडायची. या एकाच टेपवर चार मापं मिळतात: कंबर (बाजूला वाकल्यावर जिथे घडी पडते ती), नितंबाचा सगळ्यात रुंद भाग, गुडघ्याच्या जरा खाली, आणि पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे ती जागा. माझी मापं अशी: कंबर १४, नितंब २०, गुडघ्याखाली ३६, जाड पोटरी ३९. तुमची यापेक्षा इंच-दोन इंच इकडेतिकडे असतील, म्हणून माझे आकडे उचलू नका, जागा तेवढ्या लक्षात ठेवा.

पाचवं माप पलाझोचं. चप्पल घालून उभं राहा आणि नेफा जिथे बसतो तिथून जमिनीपर्यंत बाजूने मोजा. माझं साडेछत्तीस येतं. पलाझो यापेक्षा अर्धा इंच कमी हवा, म्हणजे ३६. जमिनीला टेकला की मळतो आणि पायात येतो. दोन इंच वर राहिला की आखूड पडल्यासारखा दिसतो.

आसनाचं माप सहसा कुणी घेत नाही, ते मात्र घ्या. लाकडी खुर्चीवर ताठ बसायचं आणि कमरेपासून खुर्चीच्या पाटीपर्यंत बाजूने मोजायचं. त्यात दोन-अडीच इंच मिळवले की पलाझोला पुरेसं सैल आसन होतं. माझं बसून १० येतं, म्हणजे साडेबारा पुरे. दुकानातल्या फ्री साइज पलाझोला १४ ते १५ इंच आसन असतं.

२. कुर्ती कुठे थांबवायची ते आधी ठरवा

कुर्तीची खालची कड ही एक आडवी रेघ असते आणि बघणाऱ्याची नजर तिथे थांबते. ही रेघ पोटरीच्या सगळ्यात जाड जागेवर आली की पाय तिथेच रुंद दिसतो आणि तिथेच संपल्यासारखा वाटतो. त्यामुळे माझ्या मापात ३८ ते ४० ही लांबी बाद. गंमत अशी की 'तुम्हाला थोडी आखूड करून देतो' म्हणणारा टेलर ४६ ची कुर्ती बरोबर ४० वर आणून ठेवतो, आणि ती ४६ पेक्षाही वाईट दिसते.

उरतात दोन जागा. पहिली गुडघ्याच्या जरा खाली, म्हणजे माझ्या मापात ३५-३६. खाली पलाझोचा चौदा-पंधरा इंच भाग दिसतो, पाय आहेत हे कळतं. हा सगळ्यात सोपा मार्ग आणि रोजच्या कपड्यांना मी हाच सुचवीन. पलाझो थोडा रुंद असला तरी इथे खपून जातो.

दुसरी जागा पोटरीच्या खाली, जिथे पाय पुन्हा बारीक होतो. माझ्यासाठी ४२-४३. लांब कुर्तीची हौस असेल तर ही जागा, पण दोन अटींवर. बाजूचा कट नितंबापासून सुरू झाला पाहिजे, म्हणजे चालताना पलाझोची उभी पट्टी वरपर्यंत दिसते. दुसरी अट, पलाझो कुर्तीच्याच रंगाचा किंवा त्याच्या अगदी जवळच्या रंगाचा हवा. बाटली हिरव्या कुर्तीखाली पांढरा पलाझो घातला की खालचे आठ इंच तुटून वेगळे पडतात. तीच जोडी आखूड कुर्तीत चालते, कारण तिथे पांढरा भाग पंधरा इंच असतो, पायाएवढा वाटतो.

समोरून उभा कट असलेली लांब कुर्ती मिळाली तर बघा. बाजूच्या कटांपेक्षा ती जास्त काम करते, कारण आडव्या कडेला मधोमध उभी रेघ छेदते.

३. दुकानात टेप काढायला लाजू नका

रविवारी गर्दीत ट्रायल रूमची रांग लागते आणि छोट्या दुकानांत ती नसतेच. म्हणून काउंटरवरच कुर्ती आडवी पसरा आणि मोजा. एकूण लांबी शेवटी बघा. आधी खांद्यापासून कमरेचा आकार जिथे सगळ्यात आत येतो तिथपर्यंत किती आहे ते बघा, मग कट कुठे सुरू होतो ते. कंबर तुमच्या मापापेक्षा एक इंचापर्यंत खाली असेल तर टेलर दुरुस्त करू शकतो. दोन इंच खाली असेल तर कुर्ती परत ठेवा, मग रंग कितीही आवडलेला असो. 'फिटिंग करून घ्या की ताई' हे दुकानदार म्हणणारच, त्याचं काम ते.

सरळ कुर्ती, म्हणजे कमरेला आकारच नसलेली, घेत असाल तर हा प्रश्न येत नाही. तिथे फक्त कट बघायचा.

अंगावर घालून बघायला मिळालं तर एक परीक्षा करा. दोन्ही हात वर करा. कुर्तीची कड चार-पाच इंच वर आली, तर मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, तुमच्यासाठी फार खाली आहे. असा मुंढा खांदा उचलल्यावर, म्हणजे खांद्याच्या शिवणीत कापड आत घेतल्यावर नीट बसतो. पण मुंढा आत्ताच काखेत घट्ट बसत असेल आणि कंबर तरीही खाली असेल, तर त्या कुर्तीत हात घालू नका. खांदा उचलला की मुंढा आणखी घट्ट होणार.

गळ्याजवळ भरतकाम असेल तर ते खांद्याच्या शिवणीपासून किती दूर आहे ते बघा. एक इंच मोकळं कापड असलं पाहिजे, नाहीतर उचलताना भरतकाम शिवणीत जातं. बंद गोल गळाही तसाच अवघड. एक इंच उचलल्यावर डोकं आत जात नाही. चौकोनी किंवा व्ही गळा खोल असतो, त्याला उलट उचलण्याचा फायदाच होतो.

पलाझोला दोन मापं: आसन, आणि खालची रुंदी. एक पाय सपाट पसरून खालची कड मोजा. लांब कुर्तीखाली मला १० ते ११ इंच पुरतात. १४ च्या वर असेल तर तो आखूड कुर्तीसाठी घ्या, किंवा आत घ्यायची तयारी ठेवा.

कापडाबद्दल थोडं. रेयॉन, क्रेप, जॉर्जेट अंगासरशी खाली पडतं. कडक सुती आणि जाड खादी बाजूला उभी राहते. दोन्ही कपडे कडक घेऊ नका. सुती कुर्ती आवडली असेल तर पलाझो मऊ घ्या. छपाई मोठी नको हे तुम्हाला माहीत असेलच. ताटाएवढं फूल कुर्तीवर दीडच बसतं.

४. टेलरकडे जाण्याआधी धुवा

सुती आणि रेयॉन दोन्ही आटतात. चाळीसेक इंचांत एक ते दोन इंच सहज जातात. न धुता ४३ वर कापलेली कुर्ती पहिल्या धुण्यानंतर ४२ किंवा ४१ होते आणि नेमकी नको त्या जागेकडे सरकते. एकदा साध्या पाण्यात भिजवून वाळवा, इस्त्री करा आणि मग मापं पुन्हा घ्या. तिरक्या, म्हणजे उरेब कापाच्या घेरदार कुर्तीला याखेरीज एक दिवस हँगरला लटकवून ठेवा. उरेब कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, तेही सगळीकडे सारखं नाही. लटकवण्याआधी कड कापली तर आठवड्याभरात दोन कोपरे खाली लोंबतात.

५. टेलरला काय सांगायचं, कोणत्या क्रमाने

सगळा खटाटोप या पायरीसाठी आहे, म्हणून एक खरं उदाहरण मापांसकट देते. माझी भाची खानापूरची, आता उद्यमबागेत नोकरीला. तिची उंची माझ्याएवढीच आणि मापंही जवळपास तीच. दिवाळीसाठी तिने बाटली हिरव्या रेयॉनचा तयार जोड घेतला. कुर्ती ४६, पलाझो ३९, दोन्हीच्या खालच्या कडेला सोनेरी लेस.

धुतल्यावर कुर्ती ४५ झाली. कमरेचा आकार १५ वर, कट २३ वर सुरू. पलाझो ३८, आसन साडेचौदा, खालची रुंदी १४. टेलरने एक नजर टाकली आणि म्हणाला, "अक्का, कुर्ता खालनं दोन इंच मारतो, पलाझोबी दोन इंच. सांजच्याला या की." भाची खूश. मी म्हटलं, थांबा, आधी खांदा बघू.

कुर्ती अंगावर घालून दोन्ही खांद्यांच्या शिवणी चिमटीत धरल्या आणि एक इंचाची घडी घालून पिना मारल्या. अर्धा इंच पुढच्या भागातून, अर्धा मागच्या भागातून अशी घडी नव्हे. पुढूनही एक आणि मागूनही एक. एवढ्यानेच कंबर १५ वरून १४ वर आली, कमरेवर जमणाऱ्या दोन आडव्या चुण्या गेल्या आणि गळा जो सारखा पुढे ओघळत होता तो जागेवर बसला. कट २२ वर आला, लांबी ४४ झाली. कात्री अजून लागलेली नव्हती.

खांदा उचलायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा लावावी लागते. मुंढ्याचा घेर कमी होतो, तेव्हा टेलरला काखेत पाव-अर्धा इंच खोल कापून बाहीशी जुळवून घ्यावं लागतं. काम वाढतं, म्हणून टेलर टाळतात आणि मजुरीही जास्त घेतात. दर आधी ठरवा आणि 'बाही उसवून लावायची आहे' हे स्पष्ट सांगा. नाहीतर काही जण खांद्यावर वरच्या वर टीप मारून देतात आणि बाहीच्या टोकाला फुगा येतो. एक इंचापेक्षा जास्त उचलू नका. गळा, मुंढा, बाही सगळ्यांचाच आकार बिघडायला लागतो. बिनबाह्यांच्या कुर्तीला हे काम एकदम सोपं आहे.

नंतर कट. २२ वरून २० वर न्यायचा, म्हणजे बाजूची शिवण दोन इंच उसवायची आणि कटाची पट्टी वरपर्यंत वाढवायची. कटाच्या वरच्या टोकाला आडवी पक्की टीप मारायला सांगा, बसताना ताण तिथेच येतो. नितंबाच्या वर मात्र कट नेऊ नका. कमरेची कड उघडी पडते आणि नेफा दिसतो.

खालची कड सगळ्यात शेवटी. ४४ वरून ४३ वर, म्हणजे टेलर जे दोन इंच मारणार होता त्यातला एकच गेला. कुर्तीची लेस आम्ही काढून टाकली. पलाझोलाही लेस होती, आणि एकाखाली एक दोन सोनेरी आडव्या रेघा कमी उंचीला नको. ठेवायची तर खालची, कारण ती जमिनीजवळ असते आणि पाय तिथेच संपतो.

पलाझोलाही हाच न्याय. दोन इंच खालून कापले असते तर आसन साडेचौदाच राहिलं असतं, म्हणजे दोन पाय जिथे वेगळे होतात ती जागा गुडघ्याकडे सरकलेली. पाय आखूड दिसण्याचं हे मोठं कारण आहे, आणि कुर्तीच्या आत असल्याने ते कुणाच्या लक्षात येत नाही. लांब कट असलेल्या कुर्तीत चालताना मात्र दिसतं. टेलरने नेफा उसवला, वरून दोन इंच कापले आणि इलॅस्टिक घालून नेफा पुन्हा शिवला. आसन साडेबारा, लांबी ३६. खालच्या लेसला हातही लागला नाही.

राहिली रुंदी, १४ वरून ११. तीन इंच एकाच बाजूने घ्यायचे नाहीत. दीड आतल्या शिवणीतून आणि दीड बाहेरच्या, नितंबाखालून सुरू करून खाली उतरतं. एकाच बाजूने घेतलं की पाय पिळल्यासारखा पडतो आणि शिवण पुढे येते. लेस दोन्ही बाजूंना उसवून जोडावी लागली, तेवढं काम वाढलं.

वरून काढायलाही मर्यादा आहे. समोर चेन किंवा खिसे असलेला पलाझो वरून कापता येत नाही. तिथे आसन आधीच बरोबर असलेला नगच शोधावा लागतो. आसन फार कमी केलं तर बसताना मागून ओढतं. म्हणून पिना मारलेल्या अवस्थेत एकदा खुर्चीवर बसा आणि एकदा मांडी घालून बसा, आणि मगच कापायला सांगा.

६. इरकल आणि खणाच्या कुर्त्या

आपल्याकडे आईच्या जुन्या इरकलची कुर्ती शिवायची फार हौस. टेलर साडीचा काठ आपोआप कुर्तीच्या खालच्या कडेला ठेवतो, कारण कापायला ते सोपं. तीन-चार इंचांचा लाल किंवा सोनेरी काठ पोटरीवर आडवा आला की आपली उंची तिथेच कापली जाते. कापायच्या आधीच सांगा की काठ उभा हवा. गळ्यापासून खालपर्यंत मधोमध पट्टीसारखा, किंवा दोन्ही कटांच्या कडांना. पदराच्या आडव्या रेघा छातीवरच्या तुकड्यात, म्हणजे योकमध्ये घ्या. तिथे त्या नजर वर ओढतात आणि टोप-पदराचा तांबडा रंग चेहऱ्याजवळ खुलतोही.

उभा काठ घ्यायचा तर कापड जरा जास्त जातं. साडी सहसा पुरते, पण पलाझोही त्यातूनच काढायचा असेल तर आधी टेलरसमोर पसरून बघा. माझं मत विचाराल तर पलाझो त्यातून काढूच नका. काठपदराची कुर्ती आणि खाली साडीच्याच अंगाच्या रंगाचा साधा मऊ पलाझो, हे जास्त बरं.

गुळेदगुड्डचा खण अरुंद पन्ह्याचा असतो, लांब कुर्तीला जोड द्यावे लागतात. जोड उभे येतील असं कापायला सांगा. पूर्ण खणाची ४३ इंची कुर्ती मला जड वाटते. गुडघ्यापर्यंतची सरळ कुर्ती किंवा नुसता योक खणाचा, बाकी साधं कापड, एवढं पुरतं.

७. ओढणी

अडीच मीटरची ओढणी दोन्ही खांद्यांवरून मागे सोडली की तिची टोकं कुर्तीच्याही खाली जातात आणि सगळा हिशेब बिघडतो. एका खांद्यावर अरुंद घडी करून पिन लावा आणि पुढचं टोक कुर्तीच्या कडेच्या वर ठेवा. लांब कुर्तीवर मी बहुतेक वेळा ओढणी घेतच नाही. लग्नाकार्यात घ्यावी लागते, तेव्हा मऊ आणि त्याच रंगाची.

८. पावसाळा, बस आणि स्कूटर

जून ते सप्टेंबर आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या बाजूला, जमिनीपासून अर्धा इंच वर असलेला पलाझो म्हणजे तांबड्या मातीला आमंत्रण. तो डाग रेयॉनवरून पूर्ण जात नाही. घोट्याच्या वर थांबणारा, माझ्या मापात ३३ इंची पलाझो आणि गुडघ्यापर्यंतची कुर्ती हा पावसाळी जोड वेगळाच ठेवा. लांब कुर्ती आणि आखूड पलाझो मात्र एकत्र घालू नका. कुर्ती ४३ वर आणि पलाझो ३३ वर असला की दोन कडांमध्ये चारेक इंचच उरतात आणि खाली उघडा घोटा. तीन रेघा एकाखाली एक.

एकच पलाझो दोन्हीकडे वापरायचा असेल तर टिचबटणं लावा. प्रत्येक पायाच्या दोन्ही शिवणींवर, आतल्या बाजूने, एक टिचबटण अगदी कडेला आणि त्याची जोडी चार इंच वर. पाऊस आला की कड आत दुमडून बटण लावायचं, पलाझो दोन इंच वर जातो. ऑफिसात पोचलं की सोडायचा. बटणं शिवताना टाका शिवणीच्या जाड कापडातच घ्या, म्हणजे बाहेरून दिसत नाही आणि रेयॉन फाटत नाही. लेस असेल तर ती दुमडीत चुरगळते, तेव्हा लेसवाल्या पलाझोला हे करू नका.

बसची पायरी उंच असते आणि आपले पाय लहान. कट खाली सुरू होत असेल तर पाय वर टाकताना कुर्ती अडते, म्हणूनही तो २० वर हवा. नवीन दुरुस्ती करून आणलेली कुर्ती घरी आधी जिन्यावर चढून बघा. कटाच्या टोकाला ताण जाणवला तर परत द्या. तिथली शिवण पहिल्या आठवड्यातच उसवते.

स्कूटरवर मागे एका बाजूला बसत असाल तर चाकाकडच्या पायाचा घेर मांडीखाली दाबून घ्या आणि कुर्तीचा मागचा भाग पुढे ओढून हातात धरा. स्वतः चालवत असाल तर घेर गुडघ्यांमध्ये घ्या. ११ इंचाचा पलाझो सहज मावतो, १४ चा पाय टेकवताना चपलेखाली येतो.

टेलर बदलला तरी मापं बदलत नाहीत, म्हणून ती वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा: मानेच्या बाजूपासून कंबर, कट, दोन्ही लांब्या (गुडघ्याखालची आणि पोटरीखालची), आसन, पलाझोची लांबी आणि ती कोणत्या चपलेवर घेतली ते. पुढच्या वेळी नवीन शिवायलाच टाकणार असाल तर हाच फोटो दाखवा आणि खांदा उचलायची गरजच पडू देऊ नका.